मालन तुपसौंदरचा दाखला

मालन तुपसौंदरने आमच्या विद्यालयात अकरा वर्षं पोरांचा भात शिजवला. पाचवी ते आठवीची एकशे नव्वद पोरं. मधली सुट्टी दीडला. अकरा वर्षांत दीडचा पावणेदोन झालेला मी पाहिला नाही. मी पाहिला नाही म्हणजे झाला नाही, कारण त्यातली सात वर्षं शाळेत तांदळाची पोती टाकायला मीच जायचो, आणि नंतर हमाली सुटली तेव्हा माझी नात तिथे शिकायला लागली.

मी तिला पहिल्यांदा पाहिलं ते पोतं ओढताना. कंबरेतून वाकून ओढत होती. मी म्हणालो, बाई, असं ओढशील तर दोन वर्षांत मणका जाईल. गुडघ्यात बस, पोतं मांडीला टेकव, मग उठ. सांगितलं ते एकदाच. पुढच्या खेपेला गेलो तर तशीच उचलत होती. आयुष्यभर मी माणसं कामावरून ओळखली. एकदा सांगितलेलं दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही अशी माणसं दोन्ही हातांच्या बोटांवर मोजता येतील. त्यातली ही एक.

ती ह्याच शाळेची. दहावी इथेच पास झाली, एकोणसाठ टक्के. लग्न झालं, नवरा गवंड्याच्या हाताखाली. शाळेचं मानधन दहा महिन्यांचं. उन्हाळ्यात खिचडी बंद की मानधन बंद. मग एप्रिल-मे ती चिंचा फोडायला जायची, बोटांची सालं निघेपर्यंत.

पहिल्या वर्षी काही घरांतली पोरं घरून डबे आणायची. का, ते सगळ्या गावाला माहीत होतं. मालन कुणाला काही बोलली नाही. फोडणीत लसूण जरा जास्त घालायला लागली, एवढंच. वास वर्गापर्यंत जायचा. दिवाळीनंतर डबे बंद झाले.

गेल्या जुलैत तालुक्याच्या मुलींच्या सरकारी वसतिगृहात स्वयंपाकिणीची जागा निघाली. बारा महिन्यांचा पगार, आठवड्याला एक सुट्टी. दहावी पास हवी, स्वयंपाक करून दाखवायचा, आणि अर्जासोबत शेवटच्या शाळेच्या प्रमुखाचा चारित्र्याचा दाखला जोडायचा. अर्ज शुक्रवारी संध्याकाळी पाचपर्यंत. मालनला हे कळलं सोमवारी.

तिला वाटलं, सगळ्यात सोपी गोष्ट दाखल्याची. शाळा तिचीच, आणि ऑफिस स्वयंपाकघरापासून साठ पावलांवर.

सोमवारी भांडी घासून झाल्यावर तिने अर्ज लिहिला. अक्षर चांगलं आहे तिचं. कारकून हिप्परगे. त्यांनी कपाटातून जुनं जनरल रजिस्टर काढलं, नोंद शोधली. तुपसौंदर हे सासरचं नाव, म्हणून माहेरच्या नावाने शोधावी लागली. लग्नाचा कागद तिने आणलाच होता. वर्तणुकीच्या रकान्यात "चांगली" लिहिलेलं. हिप्परग्यांनी छापील फॉर्म भरला, जावक क्रमांक घातला, गोल शिक्का मारला आणि आत सहीला नेला. दहा मिनिटांचं काम.

प्राचार्य नलवडे. दोन वर्षांपूर्वी बदलून आलेले. त्या दिवसांत बारावीची पोरं दाखल्यांसाठी रोज रांग लावायची. पुढच्या शिक्षणाला, पोलिस भरतीला, कुठे कुठे. साहेबांपुढे तीस-चाळीस फॉर्मांचा गठ्ठा. फोन खांद्याने कानाला लावलेला आणि सही चाललेली. हिप्परगे फॉर्म सरकवायचे, ते सही करायचे. मालनचा फॉर्म आला तेव्हा नाव वाचून पेन थांबलं. ही कोण, म्हणाले. हिप्परग्यांनी सांगितलं, आपल्या स्वयंपाकाच्या बाई. साहेबांनी फोन बंद केला आणि फॉर्म बाजूला ठेवला.

तिला आत बोलावून त्यांनी कारण सांगितलं. तुम्ही शाळा सोडून पंचवीस वर्षं झाली. मी त्या वेळी इथे नव्हतो. फॉर्मवर छापलंय "माझ्या माहितीप्रमाणे". मला माहिती नसताना मी कसं लिहू? ती म्हणाली, सर, रजिस्टरमध्ये लिहिलंय. ते म्हणाले, रजिस्टर तेव्हाचं आहे, दाखला आताचा आहे. ती म्हणाली, मग आताचा द्या, मी रोज इथेच आहे. त्यावर म्हणाले, तुम्ही शाळेच्या नोकर नाही, मानधनावर आहात, मानधनावरच्या माणसाचा दाखला मला देता येत नाही.

म्हणजे तेव्हाचा द्यायला ते नव्हते, आणि आताचा द्यायला ती नव्हती.

हे तिने मला त्याच संध्याकाळी आमच्या ओट्यावर सांगितलं. रडत नव्हती, चिडलीही नव्हती. नियम असेल, म्हणाली. मी मात्र चिडलो. मी चाळीस वर्षं पोती वाहिली. कुठल्या पोत्यात काय, ते उचलल्याबरोबर कळतं. हे पोतं मला उचलून बघायचं होतं.

मंगळवारी ती पुन्हा गेली. साहेब मीटिंगला गेले होते. बुधवारी मी तिच्याबरोबर गेलो.

दाराशी बारावीची पाच-सहा पोरं. एकेकाचा फॉर्म सही होऊन बाहेर येत होता. त्यातल्या एकाने गेल्या वर्षी शाळेची मोटर जाळली होती, सगळ्या गावाला ठाऊक. त्याचंही चारित्र्य चांगलं निघालं. मला त्या पोराबद्दल काही म्हणायचं नाही. पोरं असतात तशी असतात. पण साहेबांनी मान वर करून त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

आत गेलो. साहेबांनी मला विचारलं, तुम्ही कोण. मी म्हणालो, आठवीतल्या पोरीचा आजा.

"मग आबा, तुमचं काय काम आहे?"

"हिच्या दाखल्याचं."

"त्यांना मी सांगितलंय."

"मला समजलं नाही म्हणून आलो. आत्ता ज्या पोरांना दिलेत, त्यातल्या एकाचं नाव सांगा."

साहेब हसले. म्हणाले, आबा, दाखला म्हणजे पोतं नव्हे, उचलून दिलं आणि झालं. त्याला जबाबदारी असते. उद्या ह्या बाईंनी तिकडे काही केलं तर माझी सही पुढे येते. मी विचारलं, काही म्हणजे काय करील ती? भात करपवील? साहेब म्हणाले, पोलिस पाटलाचा आणा, सरपंचाचा आणा, त्या वेळच्या मुख्याध्यापकांचा आणा. ते मुख्याध्यापक वारून नऊ वर्षं झाली होती. त्यांचा हार घातलेला फोटो साहेबांच्याच डोक्यावर टांगलेला होता. मी फोटोकडे बोट दाखवलं. साहेबांनी वर पाहिलं आणि खाली पाहिलं.

मालन एवढंच म्हणाली, "सर, जाहिरातीत शाळेच्या प्रमुखाचाच मागितलाय."

"मग मी काय करू बाई? नियमाबाहेर जाऊ?"

बाहेर आलो. हिप्परगे मागोमाग आले आणि पाण्याच्या टाकीपाशी थांबले. भला माणूस, पण घाबरट. इकडेतिकडे बघून म्हणाले, आबा, नियमबियम काही नाही. बाई गेली तर खिचडी कोण शिजवणार, हे आहे. ह्या मानधनात आता बाई मिळत नाही. शेजारच्या गावच्या शाळेत सहा महिने शिक्षकच भात शिजवतायत. साहेब परवा मला म्हणाले, शुक्रवार गेला की प्रश्न मिटला.

तेव्हा पोत्यात काय आहे ते कळलं. तिचं काम वाईट असतं तर साहेबांनी सोमवारीच सही ठोकून ब्याद घालवली असती. काम चांगलं म्हणून चांगलं लिहायचं नाही. अकरा वर्षं वेळ चुकली नाही, त्याची ही शिक्षा. मी मार्केट यार्डात लबाड व्यापारी पुष्कळ पाहिले. काट्यावर पाय ठेवणारे पाहिले. पण ते निदान माल खराब आहे म्हणून भाव पाडायचे. माल चांगला आहे म्हणून अडवून ठेवणारा मी पहिलाच पाहिला.

मी म्हणालो, चल, परत आत जाऊ, आता मी बोलतो. मालनने माझा दंड धरला. आबा, तुम्ही ओरडाल आणि ते म्हणतील बाईने माणूस आणून दमदाटी केली. मग चारित्र्य खरंच गेलं. ते बरोबर होतं. मी परत फिरलो. पण रात्री जेवलो नाही.

आता चव नोंदवहीबद्दल सांगायला पाहिजे. पोरांना वाढण्याआधी अर्धा तास शाळेच्या प्रमुखाने किंवा शिक्षकाने घास खाऊन बघायचा, मग वहीत तारीख, पदार्थ, शेरा आणि सही. स्वयंपाकघराच्या भिंतीवर पाटी आहे: चव घेतल्याशिवाय वाटप करू नये. आमच्याकडे वही कशी चालायची? नलवडे साहेबांनी आल्या आल्या सांगितलं होतं, दुसऱ्या कुणी सही करायची नाही, तपासणी आली तर मला उत्तर द्यावं लागतं. आणि स्वतः दर शनिवारी वही मागवून सहाही दिवसांच्या सह्या एका दमात करायचे. सोमवार चांगली, मंगळवार चांगली, शनिवार चांगली. दोन वर्षांत त्यांनी तिच्या हातचा एक घास खाल्ला नव्हता. मालनच वही घेऊन जायची. तिलाही ते सोयीचं होतं. रोज कोण साठ पावलं ताट घेऊन जाणार आणि साहेबांची वाट बघणार? त्यात तिचीही चूक होती, आणि ती तिने माझ्याजवळ कबूल केली. म्हणाली, आबा, मीच त्यांना न खाता लिहायची सवय लावली.

आबा, गुरुवारी पालक म्हणून चव बघायची पाळी तुमची लावून घ्या, असं ती म्हणाली. महिन्यातून एखादा पालक बोलवायचा असतो. मी एक वाजता गेलो. मटकीची उसळ आणि भात. पातेली तयार होती, झाकणं घातलेली. जोडीला असते ती जैबुन ताटल्या पुसत होती. मालनने एका ताटात थोडा भात, थोडी उसळ घेतली, वही काखेत मारली आणि ऑफिसात गेली. मी मागोमाग जाऊन ऑफिसच्या दारात उभा राहिलो.

"सर, चव."

साहेब म्हणाले, ठेवा, शनिवारी बघू.

"शनिवारी हे आंबेल, सर. आज खायचंय."

त्यांना वाटलं, बाई थट्टा करतेय. मला काम आहे, तुम्ही वाढा, म्हणाले. ती म्हणाली, नियमात बसत नाही. ताट आणि वही टेबलावर ठेवून ती परत आली आणि पातेल्यांच्या पुढे उभी राहिली.

दीड वाजला. घंटा झाली. पोरं ताटल्या घेऊन ओळीत आली. मालनने डाव हातात घेतला नाही. जैबुन म्हणाली, अगं, पोरं. मालन म्हणाली, दिसतायत मला. दीड वाजून दोन मिनिटं. तीन. पाचवीतलं एक पोरगं ताटलीवर बोटांनी वाजवायला लागलं, मग सगळी ओळ वाजवायला लागली. मी मालनकडे बघत होतो. तिच्या कानशिलावरून घाम उतरत होता. तिला ते जड जात होतं. माणसाने अकरा वर्षं एक गोष्ट नीट केली की ती मोडताना हात दुखतो. मला वाटलं, आता ती वाढणार. नाही वाढलं.

सातव्या मिनिटाला साहेब आले. मागे हिप्परगे, हातात ताट आणि वही. दोन शिक्षकही आले, गोंधळ कसला म्हणून.

"काय चाललंय बाई हे? पोरांना उपाशी ठेवता?"

"चव घ्या सर, लगेच वाढते. पाटीवर लिहिलंय."

"आजवर कधी नाही आणि आजच?"

"आजवर चुकलंच, सर. माझंही."

पोरांचं वाजवणं थांबलं होतं. साहेबांनी पाटीकडे पाहिलं, शिक्षकांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. ताटातला भात कालवला आणि खाल्ला. एक घास. मग दुसरा घास घेतला, तो कुणी सांगितला नव्हता. तिसराही घेतला. मीही पालक म्हणून घेतला. मटकी मऊ आणि आख्खी, एवढ्या मोठ्या पातेल्यात ते साधत नाही.

वहीत त्यांनी लिहिलं, चांगली. सही केली. मालनने लगेच डाव उचलला आणि पहिल्या पोराच्या ताटलीत भात घातला. हात चालू ठेवून, साहेबांकडे न बघता ती म्हणाली:

"सर, आज माहिती झाली. आता माझ्या माहितीप्रमाणे असं लिहायला हरकत नाही."

जैबुनने पदर तोंडाला लावला. साहेबांचा चेहरा लाल झाला. हे वेगळं आणि ते वेगळं, म्हणाले. मी म्हणालो, वेगळं कसं? दोन वर्षं दर शनिवारी त्या वहीत हिचा दाखला तुम्ही सही करताय, एकदाही माहिती नसताना. आज पहिल्यांदा माहिती घेऊन केलीत. मी आवाज चढवला नाही. चढवायची गरज नव्हती. पोरांची ओळ सरकत होती आणि सगळं ऐकत होती.

तेव्हा घाबरट हिप्परग्यांनी एक गोष्ट केली. शर्टाच्या खिशातून घडी घातलेला कागद काढला, उलगडला आणि चव नोंदवहीवर ठेवून साहेबांपुढे धरला. सोमवारचा फॉर्म. भरलेला, जावक क्रमांकाचा, शिक्क्याचा. फक्त सही नव्हती. चार दिवस त्यांनी तो कुठे ठेवला होता कोण जाणे.

साहेबांनी उभ्या उभ्या सही केली. कागदावर बोटाचा मटकीचा पिवळा डाग लागला. पेन खिशाला लावताना म्हणाले, सोमवारपासून इथे कोण शिजवणार ते पण सांगून जा बाई. मालन म्हणाली, लागली तर महिना आधी सांगेन, सर. तोवर मीच आहे. चव घ्यायला रोज एकला या.

तो दाखला मी हातात घेऊन वाचला. तिने घडी करून तो तसाच पिशवीत टाकला असता, पण मी म्हणालो, थांब, बघू दे. "माझ्या माहितीप्रमाणे वर्तणूक व चारित्र्य चांगले आहे." एवढीच ओळ. त्या पोराला, ज्याने मोटर जाळली, तीच ओळ पाच सेकंदांत मिळाली होती. हिला चार दिवस लागले, आणि एकशे नव्वद पोरं सात मिनिटं ताटकळली. ती सात मिनिटं कुणाच्या नावावर टाकायची? मी मालनच्या नावावर टाकायला तयार नाही.

शुक्रवारी तिने रजा घेतली. अकरा वर्षांत दुसरी. जैबुनने एकटीने शिजवलं, दहा मिनिटं उशीर झाला. मी मालनबरोबर तालुक्याला गेलो. वसतिगृहाच्या ऑफिसात खिडकीपाशी गर्दी होती, चाळीसेक बाया. आमचा नंबर सव्वाचारला आला. खिडकीतल्या तरुण कारकुनाने कागद भराभर चाळले. दहावीचं आहे, आधार आहे, फोटो आहे. दाखल्याशी आल्यावर म्हणाला, गोल शिक्का आहे ना, झालं, आणि टाचणी मारून ढिगात टाकला. ओळ वाचली नाही. सही कुणाची, पाहिलं नाही.

मालन खिडकीवरून हलली नाही. मागच्या बाया म्हणाल्या, चला की हो.

"साहेब, तेवढा वाचा."

"काय वाचायचं त्यात? सगळ्यांचा सारखाच असतो."

"माझा वाचा."

त्याने मग ढिगातला अर्ज परत ओढला, टाचणी सोडवली आणि वाचला. ओठ हलवत, नाव, गाव, शाळा, वर्ष, शेवटची ओळ. वाचून झाल्यावर विचारलं, हा डाग कसला?

"मटकीचा," मालन म्हणाली. "आता लावा टाचणी."